संध्याकाळी ७:०९ आणि ७:१६ : टॉवर लोकेशनच्या दोन ओळींचं प्रकरण

कॉल रेकॉर्डवरून माणूस कुठे होता हे सांगता येतं, असं आता जवळजवळ सगळेच गृहीत धरतात. ते किती सांगता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला अदनान सय्यदचा खटला मुळातून बघावा. हा खटला जगभर गाजला. पण गाजला तो 'खरा खुनी कोण' या प्रश्नामुळे, आणि त्या गदारोळात पुराव्याचा मुद्दा मागे पडला. इथे दोषी-निर्दोषाचा निवाडा करायचा नाही. बघायच्या आहेत त्या कॉल रेकॉर्डमधल्या फक्त दोन ओळी.

१३ जानेवारी १९९९ रोजी बाल्टिमोरजवळच्या वुडलॉन हायस्कूलमधली 'हे मिन ली' नावाची विद्यार्थिनी बेपत्ता झाली. ९ फेब्रुवारीला तिचा पुरलेला मृतदेह बाल्टिमोर शहरातल्या लीकिन पार्क या जंगलवजा उद्यानात सापडला. महिनाअखेरीस तिचा आधीचा मित्र, सतरा वर्षांचा अदनान सय्यद, याला अटक झाली. त्याला गुन्ह्याशी थेट जोडणारा ठोस शास्त्रीय पुरावा नव्हता. सरकारी पक्षाकडे मुख्यतः दोन गोष्टी होत्या. एक, मृतदेह पुरायला आपण मदत केली असं सांगणारा एक परिचित तरुण. दुसरी, सय्यदच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड. फोन आदल्याच दिवशी सुरू झालेला होता आणि १३ तारखेच्या रेकॉर्डमध्ये ३४ कॉल होते.

साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे संध्याकाळी सातच्या सुमारास दोघे लीकिन पार्कमध्ये होते आणि तिथे असताना फोन वाजला होता. रेकॉर्डमध्ये ७:०९ आणि ७:१६ अशा दोन ओळी होत्या. दोन्ही कॉल आलेले, दोन्ही साधारण अर्ध्या मिनिटाचे, आणि दोन्हींसमोर टॉवरच्या रकान्यात `L689B`. या टॉवरचा बी सेक्टर लीकिन पार्कच्या दिशेने होता. साक्षीदार सांगतो ते आणि यंत्राने नोंदवलेलं, दोन्ही जुळलं. फेब्रुवारी २००० मध्ये ज्युरीने सय्यदला दोषी ठरवलं. शिक्षा झाली जन्मठेप आणि वर तीस वर्षं.

आता त्या ओळी नीट वाचू.

`L689B` मधला ६८९ हा टॉवरचा क्रमांक. बहुतेक टॉवरवर अँटेनांचे तीन संच असतात आणि प्रत्येक संच साधारण १२० अंशांचा एक पट्टा सांभाळतो. त्यांना ए, बी, सी अशी नावं. म्हणजे ही नोंद फोनची जागा सांगत नाही. ती अँटेना सांगते. त्या अँटेनाच्या तोंडासमोरचा सगळा प्रदेश त्यात येतो. शहरात तो काही शे मीटरपासून दोन-चार किलोमीटरपर्यंत पसरलेला असू शकतो, तर मोकळ्या ग्रामीण भागात त्याहून कितीतरी जास्त. त्या काळच्या कॉल रेकॉर्डमध्ये फोन टॉवरपासून किती अंतरावर आहे हे लिहिलेलं नसे, आणि आजही साध्या सीडीआरमध्ये, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्डमध्ये, ते नसतं.

फोन सर्वात जवळचा टॉवर पकडतो, हा सर्रास आढळणारा समज. कोर्टातही तो ऐकू येतो. खरं तर फोन त्या क्षणी ज्याचा सिग्नल सर्वात चांगला मिळतो तो टॉवर धरतो. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत असेल तर शेजारचा टॉवर सोडून दूरचा धरला जातो. अँटेना किती खाली झुकवलेली आहे, त्या वेळी टॉवरवर किती कॉलचा भार आहे, यावरही निवड बदलते. दोन सेक्टरांच्या सीमेवर बसलेल्या माणसाचा फोन जागचा न हलता कधी हा तर कधी तो सेक्टर दाखवतो. याचा नमुना याच रेकॉर्डमध्ये आहे. त्या रात्री ८:०४ आणि ८:०५ ला एकाच पेजरवर लागोपाठ दोन कॉल लावलेले दिसतात. पहिल्यासमोर `L653A` आहे, दुसऱ्यासमोर `L653C`. टॉवर एकच, अंतर एका मिनिटाचं, आणि सेक्टर वेगळा. गाडी चालत होती म्हणून असं झालं की फोन सीमेवर होता म्हणून, हे त्या दोन ओळींवरून ठरवता येत नाही. नकाशावर सेक्टरचा रंगवलेला पंखा जितका रेखीव दिसतो, तितका तो जमिनीवर कधीच नसतो.

खटल्यात या नोंदींचा अर्थ सांगायला सरकारी पक्षाने फोन कंपनीचाच रेडिओ इंजिनिअर आणला. त्याने ऑक्टोबर १९९९ मध्ये गाडीतून फिरून चाचणी घेतली होती. साक्षीदाराने सांगितलेल्या ठिकाणी जाऊन तिथे कुठला सेक्टर मिळतो हे यंत्राने तपासायचं, अशी ती पद्धत. मृतदेह सापडला त्या जागेजवळ `L689B` मिळाला. ही पद्धत आजही वापरतात आणि ती चुकीची नाही. पण तिच्यातून निघणारं उत्तर मर्यादित असतं. 'या जागेवरून हा सेक्टर मिळू शकतो' एवढंच ती सांगते. हाच सेक्टर आणखी कुठकुठे मिळतो हे कळायला आजूबाजूच्या सगळ्या रस्त्यांवरून फिरावं लागतं, आणि आरोपीच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो. शिवाय चाचणी नऊ महिन्यांनी झाली. जानेवारीत झाडं निष्पर्ण असतात, ऑक्टोबरमध्ये पानं असतात, आणि मधल्या काळात कंपनी टॉवरची दिशा किंवा शक्ती बदलत असते. चाचणीचं उपकरणही आरोपीच्या फोनच्या बनावटीचं नव्हतं. म्हणूनच त्या इंजिनिअरला फोन अमुक जागी होता असं सांगू दिलं गेलं नाही. नोंद त्या जागेशी सुसंगत आहे, इतकीच त्याच्या साक्षीची मजल होती.

ज्युरीपर्यंत मात्र हा फरक पोचायला हवा तसा पोचला नाही. सुसंगत म्हणजे विसंगत नाही, इतकंच. ती नोंद त्या परिसरातल्या शेकडो जागांशी सुसंगत असते. पण सरकारी वकील शेवटच्या युक्तिवादात टॉवर आणि जबानी एकमेकांना लागून ठेवतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात ती एकच जागा उरते.

आता या रेकॉर्डसोबत आलेल्या एका पानाकडे येऊ. पोलिसांनी मागितल्यावर कंपनीने रेकॉर्ड फॅक्सने पाठवले होते, आणि फॅक्सच्या वरच्या पानावर हा अहवाल कसा वाचायचा याच्या छापील सूचना होत्या. त्यातल्या एका सूचनेचा आशय असा : लोकेशनसाठी फक्त लावलेले कॉल विश्वासार्ह आहेत; आलेल्या कॉलची माहिती लोकेशनसाठी विश्वासार्ह मानली जाणार नाही. 'नाही' हा शब्द मूळ इंग्रजीत मोठ्या अक्षरांत होता. ७:०९ आणि ७:१६ हे दोन्ही आलेले कॉल होते.

हे पान बचाव पक्षाच्या फायलीत होतं. उलटतपासणीत त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. सरकारी पक्षाने कोर्टात दाखल केलेल्या पुराव्यात, निशाणी ३१ मध्ये, हे पान नव्हतं. आणि ज्याने सर्वांना त्या नोंदींचा अर्थ समजावून सांगितला, त्या इंजिनिअरलाही ते दाखवलं नव्हतं. ही सूचना उजेडात आली २०१५ मध्ये, निकालानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. तेव्हा त्या इंजिनिअरने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की ही सूचना माहीत असती तर तिचं कारण शोधल्याशिवाय आपण फोनच्या संभाव्य जागेबद्दल तशी साक्ष दिली नसती.

इथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घेण्यासारखी आहे. तो इंजिनिअर अँटेना, सिग्नल, नेटवर्कची आखणी यांतला जाणकार होता. पण कॉल रेकॉर्ड नेटवर्कच्या अँटेनातून निघत नाही. तो बिलिंगसाठी बनवलेल्या दुसऱ्याच यंत्रणेतून निघतो, आणि कुठल्या प्रसंगी कुठल्या रकान्यात काय भरायचं हे त्या यंत्रणेचे नियम ठरवतात. रेडिओचा जाणकार तिथे जाणकार असेलच असं नाही. एकाच कंपनीचा माणूस आहे म्हणून त्याला दोन्ही कळतं, असं कोर्टाने धरलं आणि बचावानेही धरू दिलं. सीडीआरच्या साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला वाटतं : हा रकाना कोण भरतं, आणि ते तुम्हाला कशावरून माहीत?

मग आलेला कॉल आणि लावलेला कॉल यांत फरक पडण्याचं कारण काय असू शकतं? तुम्ही फोन लावता तेव्हा तुमच्या फोनला त्या क्षणी एका ठरावीक टॉवरशी बोलावंच लागतं, त्यामुळे नोंद सरळ असते. फोन नुसता खिशात पडलेला असतो तेव्हा मात्र नेटवर्कला तो नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे माहीत नसतं. अनेक टॉवरांचा मिळून एक मोठा विभाग असतो, आणि फोन त्या विभागात आहे एवढंच त्याला ठाऊक असतं. कॉल आला की विभागातले टॉवर एकाच वेळी त्या फोनला हाक देतात. फोन ज्या टॉवरवरून ओ देतो, त्यावर कॉल जोडला जातो. फोन उचलला गेला, तर इथपर्यंत सगळं ठीक. त्या टॉवरची नोंद लावलेल्या कॉलइतकीच अर्थपूर्ण असायला हवी.

फोन बंद असेल, रेंजमध्ये नसेल किंवा कोणी उचलला नाही, तर प्रश्न उभा राहतो. तेव्हा कॉल व्हॉइसमेलकडे वळतो. संभाषण झालं ते फोन लावणारा आणि व्हॉइसमेलचं यंत्र यांच्यात. आरोपीच्या फोनने कुठल्याच टॉवरवर काही केलेलं नाही. बिलिंग यंत्रणेला मात्र रकाना भरायचा असतो. अशा वेळी तिथे फोनची शेवटची माहीत असलेली जागा येऊ शकते, किंवा फोन लावणाऱ्याचाच टॉवर येऊ शकतो, आणि ओळ दिसायला इतर ओळींसारखीच दिसते. कंपनीच्या सूचनेमागे हेच कारण असावं असं अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे, आणि मलाही तेच सर्वात पटणारं वाटतं.

पण हे कारण खरं मानलं तर आरोपीला त्याचा किती फायदा होतो, हेही प्रामाणिकपणे बघायला हवं. सरकारी पक्षाचा प्रतिवाद असा की व्हॉइसमेलला वळलेला कॉल या अहवालात आपल्या खुणा सोडतो. त्याच्या शेजारी वळवणीची वेगळी ओळ दिसते, आणि ७:०९ व ७:१६ जवळ तसं काही नाही. म्हणजे ते कॉल उचलले गेले होते, आणि उचललेल्या कॉलला सूचना लागू होण्याचं कारण नाही. हा मुद्दा कच्चा नाही. तांत्रिक बाजूने बघता सरकारी पक्षाकडचा हा सर्वात भक्कम मुद्दा होता. तो सिद्ध करायला सोपा मार्ग होता : फोन करणाऱ्याला शोधून विचारायचं. पण आलेल्या कॉलसमोर अहवालात पलीकडचा नंबर नव्हता, फक्त 'इनकमिंग' असं लिहिलेलं होतं. ते दोन कॉल कोणी केले हे त्या कागदावरून कळत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये निकालानंतरच्या सुनावणीत दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ समोरासमोर आले. सरकारतर्फे एफबीआयच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली. सूचनेतलं 'लोकेशन' म्हणजे टॉवरचा रकाना नव्हे, अशी सरकारी पक्षाची मांडणी होती. अहवालात 'लोकेशन' नावाचा एक वेगळा रकाना होता आणि त्यात कॉल कुठल्या स्विचवरून, म्हणजे कंपनीच्या कुठल्या जोडणी केंद्रातून, गेला ते असे. सूचना त्या रकान्याबद्दल आहे, सेल साइटच्या रकान्याबद्दल नाही, असं त्यांनी मांडलं. वाचणाऱ्याला हे पटण्यासारखंही वाटेल. पण न्यायाधीश मार्टिन वेल्च यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. सूचनेचा खरा अर्थ कुठला हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं. कंपनीने स्वतः छापलेली, दोन निर्णायक ओळींना लागू पडू शकणारी सूचना हातात असताना कुठलाही दक्ष वकील तज्ज्ञाला त्याबद्दल विचारल्याशिवाय राहिला असता का, हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांचं उत्तर होतं, नाही. आणि त्या दोन कॉलवर सरकारी पक्षाची मांडणी इतकी उभी होती की प्रश्न न विचारल्याने निकालावर परिणाम झाला असण्याची वाजवी शक्यता आहे. ३० जून २०१६ रोजी त्यांनी दोषसिद्धी रद्द करून नवा खटला चालवायचा आदेश दिला.

थोडा वेळ धरून चालू की सूचना त्या कॉलना लागू नव्हती आणि `L689B` ही नोंद शंभर टक्के बरोबर होती. तरी काय सिद्ध होतं? सेक्टर पार्कच्या दिशेला होता खरा. पण पार्कच हजार एकरांहून मोठं आहे आणि त्याच्या कडेने वस्ती व रस्ते आहेत. त्यातून जाणाऱ्या गाडीतला फोनही हीच नोंद देऊ शकतो. त्याच रेकॉर्डमध्ये सात वाजता त्याच पेजरला लावलेला एक कॉल आहे, त्यासमोर `L651A`, म्हणजे वुडलॉनकडचा टॉवर. हा लावलेला कॉल असल्यामुळे सूचनेप्रमाणेही भरवशाचा. सात वाजता वुडलॉनकडे आणि नऊ मिनिटांनी पार्कच्या सेक्टरमध्ये, हे गाडीने शक्य आहे. फोन त्या वेळी फिरत होता, इतकं यातून दिसतं. सोळा मिनिटांच्या या तीन ओळींतून मृतदेह पुरण्याचं काम दिसत नाही. ते चित्र जबानीतून येतं, आणि टॉवर त्या चित्राला आडकाठी करत नाही, इतकंच.

आणखी एक गोष्ट. रेकॉर्ड फोनचा असतो, माणसाचा नसतो. या खटल्यात हा नेहमीचा आक्षेप विशेष वजनदार होता, कारण त्या दिवशी बराच वेळ सय्यदचा फोन आणि गाडी त्याच साक्षीदाराकडे होती, आणि याबद्दल दोन्ही बाजूंचं दुमत नव्हतं. त्या संध्याकाळी लागलेले पेजरचे कॉल साक्षीदाराच्या मैत्रिणीला होते. फोन पार्कजवळ होता असं मान्य केलं तरी तो कोणाच्या हातात होता, हा प्रश्न राहतोच. फोन कोणाच्या हातात होता हे ठरवण्यासाठी त्या वेळी लावलेले नंबर कोणाच्या ओळखीचे आहेत हे बघायचं असतं. हे काम टॉवरच्या नकाशापेक्षा कंटाळवाणं आहे, पण बहुतेकदा त्यातूनच जास्त हाती लागतं.

सर्वात जास्त अस्वस्थ करणारा भाग मात्र पुष्टीचा आहे. कॉल रेकॉर्ड आणि जबानी एकमेकांना दुजोरा देतात, हा खटल्याचा कणा होता. दुजोरा खरा तेव्हा असतो, जेव्हा दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. इथे पोलिसांनी साक्षीदाराच्या जबान्या घेतल्या तेव्हा कॉल रेकॉर्ड त्यांच्याकडे होते, आणि जबान्या एकीतून दुसरीत बदलत गेल्या. रेकॉर्ड समोर ठेवल्यावर त्याला गोष्टी जास्त नीट आठवल्या, असं तपास अधिकाऱ्याने कोर्टातच सांगितलं. ज्या कागदाच्या आधारे जबानी दुरुस्त झाली, तोच कागद नंतर जबानी खरी असल्याचा पुरावा म्हणून पुढे येतो. रेकॉर्डमधली ओळ चुकीची असती, तर जबानीही त्या चुकीशी तितकीच जुळली असती. २०१४ मध्ये त्याच साक्षीदाराने एका मुलाखतीत पुरण्याची वेळ मध्यरात्रीच्या जवळपास होती असं सांगितलं. ती वेळ धरली तर ७:०९ आणि ७:१६ या ओळींचा त्या कामाशी संबंधच उरत नाही.

त्यामुळे अशा प्रकरणात तारखा मांडणं हे टॉवर मांडण्याइतकंच महत्त्वाचं. पोलिसांना सीडीआर कधी मिळाला, टॉवरचे पत्ते कधी मिळाले, आणि जबानी केव्हा झाली? टॉवरचे पत्ते येण्याआधीच्या जबानीत जे होतं ते स्वतंत्र. नंतर जे आलं त्याला दुजोऱ्याचं वजन देता येत नाही. ही तुलना करायला तज्ज्ञ लागत नाही, फायलीतल्या तारखा पुरतात.

या प्रकरणाचं पुढे जे झालं ते वकिलांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१८ मध्ये अपील कोर्टाने नव्या खटल्याचा आदेश कायम ठेवला, पण वेगळ्या कारणावर. दुसऱ्या ठिकाणी सय्यदला पाहिल्याचं सांगू शकणाऱ्या साक्षीदाराशी वकिलाने संपर्कच केला नाही, हे ते कारण. टॉवरचा मुद्दा मूळ अर्जात वेळेवर मांडला नव्हता, म्हणून तो सोडून दिल्याचं समजावं लागेल, असं कोर्ट म्हणालं. मार्च २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नवा खटलाही नाकारला आणि टॉवरच्या मुद्द्यावरचं दार बंदच ठेवलं. २०२२ मध्ये सरकारी पक्षानेच दोषसिद्धी रद्द करण्याची मागणी केली. त्यांच्या अर्जात इतर संशयितांविषयीच्या दडलेल्या माहितीबरोबर आलेल्या कॉलच्या अविश्वासार्हतेचाही मुद्दा होता. सप्टेंबरमध्ये सय्यद सुटला. पण मृत मुलीच्या भावाला सुनावणीची पुरेशी आगाऊ सूचना आणि हजर राहण्याची संधी मिळाली नाही म्हणून २०२३ मध्ये दोषसिद्धी पुन्हा लागू झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मार्च २०२५ मध्ये, अल्पवयात गुन्हा घडलेल्यांसाठीच्या कायद्याखाली त्याची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी करण्यात आली. दोषसिद्धी तशीच आहे.

भारतात वकिली करणाऱ्यांना इथे एक फरक चटकन दिसेल. आपल्याकडे सीडीआरवरचा वाद बहुतेकदा प्रमाणपत्रापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. अन्वर विरुद्ध बशीर या २०१४ च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुनाही दिला आहे, त्यात फाइलची ओळख पटवणारी हॅश व्हॅल्यू लिहावी लागते आणि तज्ज्ञाचा भागही असतो. हे सगळं आवश्यकच आहे. पण प्रमाणपत्र सांगतं ते एवढंच, की कंपनीच्या संगणकात जे होतं तेच या कागदावर आलं आहे. सय्यदच्या रेकॉर्डबद्दल हा वाद कधी नव्हताच. `L689B` हे कंपनीच्या संगणकात होतंच. ते तिथे कशामुळे आलं हा प्रश्न होता, आणि कितीही निर्दोष प्रमाणपत्र त्याचं उत्तर देऊ शकत नाही. प्रमाणपत्र बरोबर निघालं की आक्षेप संपला, असं समजून फोन कंपनीतर्फे रेकॉर्ड देणाऱ्या नोडल अधिकाऱ्याची उलटतपासणी दोन मिनिटांत आटोपणारे वकील दिसतात, तेव्हा मला या खटल्याची आठवण होते.

त्या अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न फार नसतात. सीडीआरमध्ये कॉलच्या सुरुवातीचा सेल, म्हणजे टॉवरचा सेक्टर, आणि शेवटचा सेल असे दोन रकाने असतात. सरकारी पक्षाने नकाशावर यांतला कुठला मांडला आहे? कॉल उचलला गेला की वळवला गेला, आणि वळवला असेल तर सेलचा रकाना कशावरून भरला जातो? सेल आयडीचा पत्ता ज्या यादीतून काढला ती यादी घटनेच्या दिवसाची आहे की पत्र आलं त्या दिवसाची? टॉवर हलवले जातात, सेलचे क्रमांक नव्याने दिले जातात, आणि जुन्या कॉलवर नवी यादी लावली तर फोन भलत्याच ठिकाणी उमटतो. रेकॉर्डसोबत कंपनीने काही सूचना किंवा रकान्यांचे खुलासे पाठवले होते का, आणि असतील तर ते दोषारोपपत्रासोबत का नाहीत? हे प्रश्न खटल्यातच विचारायचे. अपिलात 'तेव्हा विचारलं का नाही' हेच आधी विचारलं जातं.

मेरीलँडमध्ये नेमकं तेच झालं. फॅक्सच्या वरच्या पानावरचं ते वाक्य ७:०९ आणि ७:१६ या दोन ओळींना लागू होतं की नाही, याचा गुणवत्तेवर निवाडा राज्याच्या कुठल्याही वरिष्ठ न्यायालयाने केलेला नाही. एकदा तो मुद्दा वेळेत न मांडल्यामुळे बाद झाला, आणि नंतरची लढाई पीडित कुटुंबाच्या हक्कांवर लढली गेली.